थंड पेटीतला श्वास

अढीतला एक नासका आंबा सारी अढी नासवतो, हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आंबे पेंढ्यात घालताना हात लावून पाहणारी घरची म्हातारी माणसे पिकू लागलेले फळ आधी बाजूला काढीत. त्यामागे एक वायू आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण एका फळाचे पिकणे दुसऱ्याला लागते, हे मात्र पक्के ठाऊक होते. विज्ञानाला या गोष्टीचा छडा लागला तो एका बंदरावरच्या तक्रारीतून. १९१० साली जमैकातील कृषिखात्याचे एच. एच. कझिन्स यांनी आपल्या वार्षिक अहवालात अशी शिफारस केली की, जहाजावर संत्री आणि केळी एकत्र ठेवू नयेत. संत्र्यांपासून निघणाऱ्या कसल्याशा वायूने केळी अकाली पिकतात. त्याच्या नऊच वर्षे आधी, १९०१ मध्ये, रशियन शास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोव्ह यांनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या गॅसमधील इथिलीन हा घटक वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडवतो, असे दाखवून दिले होते. या दोन टोकांची गाठ पडायला १९३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये आर. गेन यांनी पिकणारे फळ स्वतःच इथिलीन तयार करते, हे सिद्ध केले. अढीचे रहस्य उलगडले ते असे.

योगायोग असा की, ज्या १९०१ साली नेल्युबोव्ह यांचा शोध लागला, त्याच साली 'पोर्ट मोरंट' हे शीतयंत्रे बसवलेले जहाज जमैकाहून केळी घेऊन इंग्लंडमधील ॲव्हनमथ बंदराला लागले. तेव्हापासून आजपर्यंत समुद्रमार्गे केळी नेण्याच्या विद्येचे दोनच धडे आहेत : फळ थंड ठेवा, आणि त्याच्याभोवतीची हवा सांभाळा. धडे दोनच असले तरी त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे या क्रमाचाच विसर पडत चालला आहे, आणि त्याची किंमत मोजणारा माणूस बंदरावर नसून सोलापूर आणि जळगावच्या बागांत आहे. म्हणून हा विषय केवळ यंत्रतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

केळ्यांच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक केळी या देशात पिकतात. निर्यात होते ती त्यातील अगदी अल्प. जी होते तिचा मोठा भाग महाराष्ट्रातून, विशेषतः करमाळा आणि टेंभुर्णीच्या परिसरातून, न्हावाशेवा बंदरामार्गे आखाती देशांना जातो. युरोपचे दार उघडावे म्हणून २०२३ च्या अखेरीस अपेडाच्या पुढाकाराने बारामतीहून नेदरलँड्सला समुद्रमार्गे चाचणीची केळी रवाना झाली. या प्रयत्नाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र आखाताचा प्रवास आणि युरोपचा प्रवास यांत फरक केवळ अंतराचा नाही, आणि तो कोणता हे समजण्यासाठी झाडावरून उतरलेल्या केळ्याचे पुढे काय होते, हे आधी पाहावे लागेल.

निर्यातीचे केळे पूर्ण भरण्याआधीच, त्याच्या कडा अजून किंचित उठून दिसत असताना उतरवतात. झाडापासून तुटले तरी ते मरत नाही. ते श्वास घेत राहते. प्राणवायू आत घेते, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, साठवलेला पिष्टमय पदार्थ जाळते आणि उष्णता निर्माण करते. हा श्वास संथ असेपर्यंत केळे हिरवे आणि टणक राहते. या काळाला धंद्यात 'हिरवे आयुष्य' म्हणतात. एका ठरावीक क्षणी श्वास एकदम वेग घेतो, फळ स्वतःच इथिलीन सोडू लागते आणि पिकण्याची क्रिया सुरू होते. ती एकदा सुरू झाली की मागे फिरवता येत नाही; फार तर तिची गती थोडी कमी करता येते. दूरच्या बाजारात माल पाठवणाऱ्याचे सारे कौशल्य हा क्षण पलीकडच्या बंदरातल्या पिकवणी केंद्रापर्यंत लांबवण्यात असते. तिथे मग व्यापारी आपल्या सोयीने पंधरा ते अठरा अंशांवर एखादा दिवस इथिलीन सोडून सारा माल एकसारखा पिवळा करून घेतो.

श्वास मंदावण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे थंडी. परंतु केळ्याला थंडी सोसते ती एका मर्यादेपर्यंत. सफरचंद शून्य अंशापाशी आनंदाने राहते. केळे उष्ण कटिबंधातले. साडेतेरा ते चौदा अंश सेल्सियस ही त्याची जागा. त्याहून एक-दोन अंश खाली ते काही दिवस राहिले, तर सालीखालच्या शिरा मरू लागतात. दगा असा की, हिरव्या सालीवरून काही कळत नाही. चाकूने सालीचा पातळ पापुद्रा काढून पाहावा. आत तपकिरी रेघा दिसल्या तर फळ थंडीने मारले गेले आहे, असे समजावे. असे फळ पुढे पिवळेधमक होत नाही. राखेसारखा मळकट रंग येतो आणि दुकानदार ते परत करतो. म्हणजे वरच्या बाजूला पिकण्याची भीती, खालच्या बाजूला काळवंडण्याची. मधली वाट एक-दोन अंशांची आहे, आणि ती वीस टन मालाच्या प्रत्येक खोक्यात तीन-चार आठवडे राखावयाची आहे.

ही वाट राखण्यासाठी जो कंटेनर येतो, त्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तो फळे थंड करतो, असे मानले जाते. वस्तुतः तो फळे थंड करण्यासाठी बांधलेलाच नाही. आधीच थंड केलेल्या फळांचा थंडावा राखणे एवढेच त्याचे काम. चाळीस फुटी कंटेनरच्या एका टोकाला यंत्र असते. ते थंड हवा जमिनीलगत सोडते. जमीन सपाट नसते. तिच्यावर 'टी' अक्षरासारख्या उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून हवा दारापर्यंत धावते. तेथून ती खोक्यांच्या छिद्रांतून वर चढते आणि छताखालून पुन्हा यंत्राकडे परतते. यासाठी जमीन मालाने पूर्ण झाकलेली हवी आणि भिंतीवर आखलेल्या तांबड्या रेषेच्या वर खोके जाता कामा नये. दाराजवळ हातभर जागा उघडी राहिली तर हवा आळशी माणसासारखी सोपी वाट धरते. खोक्यांना टाळून तिथूनच वर चढते, आणि मधला माल तापत राहतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, बागेतून आलेली २० टन केळी २८ अंशांची असतानाच कंटेनरमध्ये भरली आणि यंत्राला १४ अंशांची आज्ञा दिली. एक किलो केळे एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे साडेतीन किलोज्यूल उष्णता काढावी लागते. वीस हजार किलो आणि चौदा अंश यांचा गुणाकार केला, तर विजेच्या भाषेत सुमारे २७० युनिट उष्णता होते. यंत्राची शक्ती साधारण दहा किलोवॅट धरली, तर कागदावर सव्वा दिवसाचे काम. प्रत्यक्षात चार-पाच दिवस लागतात. कारण घट्ट रचलेल्या खोक्यांच्या गाभ्यापर्यंत हवा पुरेशी पोहोचत नाही, आणि तोपर्यंत ती गरम केळी जोरात श्वास घेऊन नवी उष्णता निर्माण करीतच असतात. चौदा अंशांवर वीस टन हिरव्या केळ्यांची स्वतःची उष्णता एखाद्या घरगुती इस्त्रीइतकी, म्हणजे किलोवॅटभराच्या आसपास असते. अठ्ठावीस अंशांवर ती तिप्पट-चौपट होते.

या चार-पाच दिवसांत कंटेनरची नोंदवही काय सांगते? ती सांगते की, सर्व काही ठीक आहे! यंत्र ज्या हवेला आज्ञेबरहुकूम ठेवते, ती यंत्रातून बाहेर पडणारी हवा असते. ती पहिल्या काही तासांतच चौदा अंशांवर येते आणि तिथेच राहते. खरी हकीकत परतणाऱ्या हवेच्या आकड्यात असते. जाणारी हवा चौदावर आणि परतणारी वीस-बावीसवर असेल, तर आत माल अजून तापलेला आहे असे समजावे. दोहोंतले अंतर अंशभरावर आले की माल थंडावला. आणि तरीही हे आकडे हवेचे आहेत, फळाचे नव्हेत. फळाचे तापमान कळते ते गरात खुपसलेल्या काटेरी तापमापीने, आणि तेही दार बंद होण्यापूर्वी. ते मोजून लिहून ठेवले नाही, तर पुढे नुकसानीचा वाद उभा राहिल्यावर बागायतदाराच्या बाजूने बोलणारा एकही कागद उरत नाही.

हिरव्या आयुष्याचा हिशेब बँकेतल्या ठेवीसारखा मांडता येतो. योग्य वेळी उतरवलेल्या केळ्याजवळ चौदा अंशांवर सुमारे ३० दिवसांची ठेव असते, असे ढोबळ मानाने धरू. तापमान दहा अंशांनी वाढले की खर्चाची गती अडीच पटीच्या आसपास जाते. म्हणजे अठ्ठावीस अंशांवर झाडाखाली वा ट्रकमध्ये गेलेला एक दिवस ठेवीतले साडेतीन दिवस खातो. त्यानंतर कंटेनरमध्ये हळूहळू थंड होण्यातले चार दिवस सात दिवसांना पडतात. एकूण साडेदहा गेले, उरले साडेएकोणीस. याउलट, उतरवल्यावर अर्ध्या दिवसात माल पॅकहाऊसमध्ये आला, तुरटीच्या पाण्यात चीक धुऊन खोक्यांत भरला, आणि रात्रभर पूर्वशीतनाच्या खोलीत खोक्यांमधून जोराने थंड हवा खेचून चौदा अंशांवर आणला, तर खर्च अवघा तीन दिवसांचा, उरले सत्तावीस.

आता दोन प्रवास पाहा. आखातातील बंदर काही दिवसांच्या अंतरावर आहे. रस्ता, बंदरातला मुक्काम आणि समुद्र मिळून आठवडा-दहा दिवस. दोन्ही प्रकारची केळी तेथे हिरवीच पोहोचतात. पूर्वशीतन न केलेल्याचे काहीच बिघडले नाही, असे दिसते; आणि यातच खरी मेख आहे. जवळच्या बाजाराचे यश चुकीची सवय पक्की करते. रॉटरडॅमसाठी सुएझ कालव्याचा मार्ग धरला तरी रस्ता, बंदर आणि समुद्र मिळून चार आठवडे मोडतात. पहिला माल तेथवर हिरवा पोहोचूच शकत नाही; दुसराही अगदी काठावर असतो. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाज कंपन्यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्यास सुरुवात केली, तेव्हा या प्रवासात दहा ते पंधरा दिवसांची भर पडली. त्या दिवसांचे भाडे वाढले, याची चर्चा पुष्कळ झाली. ते दिवस फळाच्या ठेवीतून वजा झाले, याची चर्चा फारशी कोणी केली नाही.

थंडीने पुरत नाही, तेथे दुसरा धडा सुरू होतो : हवेचा. बंद कंटेनरमध्ये वीस टन केळी तासाला सुमारे २०० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोक्यांखेरीज उरलेली मोकळी जागा चाळीस घनमीटरांच्या आसपास. म्हणजे भिंती अगदी हवाबंद मानल्या, तर या वायूचे प्रमाण दर तासाला अर्ध्या टक्क्याने चढेल आणि अर्ध्या दिवसात सहा टक्क्यांच्या घरात जाईल. त्याच्या वर केळे बिघडू लागते : बाहेरून हिरवे, आतून मऊ. म्हणून साध्या कंटेनरला हवेची एक झडप असते. ती तासाला पंचवीस घनमीटर ताजी हवा आत येईल एवढी उघडली, तर कार्बन डायऑक्साइड टक्क्याच्या आत राहतो आणि इथिलीनही धुऊन निघते. मात्र ताजी हवा म्हणजे बाहेरची, दमट आणि उष्ण हवा. तिला थंड करण्याचे ओझे पुन्हा यंत्रावरच पडते. झडप किती उघडावी हा आकडा भरणीच्या कागदावर लिहिलेला असतो. तो चुकला वा झडप नुसतीच बंद राहून गेली, तर तापमान बिनचूक असूनही माल वाया जातो.

इथिलीनचे प्रमाण याहून फार सूक्ष्म असते. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागही नसला, तरी तो केळ्याला जागे करू शकतो. हिरवे केळे चौदा अंशांच्या आसपास जेवढे इथिलीन सोडते, त्याच्या वीसपट पिकू लागलेले केळे सोडू शकते. कंटेनरमध्ये खोक्यांचे साधारण वीस थप्पे बसतात. त्यांपैकी एकच थप्पा वेळेआधी पिकू लागला, तर तो एकटा उरलेल्या एकोणीस थप्प्यांइतके इथिलीन हवेत सोडेल. ही म्हातारीची अढीच; फक्त तिच्यात हात घालून नासके फळ बाजूला काढायला भर समुद्रात कोणी नाही. म्हणून निवड आधी व्हावी लागते. जास्त भरलेला घड, मार लागलेली फणी, दोन निरनिराळ्या वयांचा माल एकाच कंटेनरमध्ये, या चुका बागेत होतात आणि बंदरावर उघडकीस येतात. भरणीच्या खोलीत धूर सोडणारे वाहन चालू राहिले, तर तो धूरही इथिलीनच घेऊन येतो. खोक्यात पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या ठेवतात. त्या इथिलीन खातात आणि जांभळ्याच्या तपकिरी होतात. मुक्कामी खोके उघडल्यावर एखाद्या कोपऱ्यातील साऱ्या पुड्या पूर्ण तपकिरी दिसल्या, तर गडबड कोठे सुरू झाली याचा माग लागतो.

लांबच्या प्रवासासाठी याही पुढची पायरी आहे, ती नियंत्रित वातावरणाची. येथे झडप बंद ठेवून हवेचीच घडण बदलतात. आपल्या नेहमीच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो दोन ते पाच टक्क्यांवर आणतात आणि कार्बन डायऑक्साइड दोन ते पाच टक्के राखतात. काही यंत्रे हवा पोकळ तंतूंच्या पडद्यांतून दाबून तिच्यातला नत्रवायू वेगळा काढतात आणि तो आत सोडतात. इतर यंत्रे प्राणवायू संपवण्याचे काम फळांच्या श्वासावरच सोपवतात आणि साचलेला जादा कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर काढतात. कमी प्राणवायूत श्वास मंदावतो, इथिलीनची निर्मिती घटते, आणि कार्बन डायऑक्साइड इथिलीनच्या परिणामाला अटकाव करतो. हिरव्या आयुष्याची ठेव यामुळे दीडपट वा त्याहूनही अधिक पुरते. पण येथेही तळ आहे. प्राणवायू टक्काभरावर आला की फळ गुदमरते, आंबू लागते आणि त्याला दारूसारखा वास येतो. माणसाच्या दृष्टीने तर हा तळ फारच आधी येतो. अशा कंटेनरचे दार उघडून लगेच आत शिरणारा मजूर दोन-चार श्वासांत बेशुद्ध होऊन जिवानिशी जाऊ शकतो. आधी दारे सताड उघडून हवा खेळू द्यावी, हा नियम दारावर लिहिलेला असतो. तो आपल्याकडच्या हमालाला त्याच्या भाषेत कोणी वाचून दाखवतो काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

नियंत्रित वातावरणाची ही किमया पाहून असे वाटणे साहजिक आहे की, युरोपच्या बाजाराची किल्ली सापडली. सरकारने अशा कंटेनरच्या भाड्यास अनुदान द्यावे, की काम झाले. निर्यातदारांच्या या मागणीत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. त्यांचे म्हणणे असे की, मध्य अमेरिकेतील आणि इक्वेडोरमधील मळ्यांनी या विद्येत अनेक दशकांची आघाडी घेतली आहे. त्यांच्याकडे ठरावीक वाराला सुटणारी जहाजे आहेत, आणि आपल्याकडचा नवा निर्यातदार पहिल्या काही फेऱ्यांचा तोटा एकट्याने सोसू शकत नाही. केपच्या वळशाने तर साध्या कंटेनरचा पर्यायच त्याच्यासाठी उरला नाही. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही.

तथापि, वर मांडलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहिले तर या मागणीतली उणीव ध्यानात येते. नियंत्रित वातावरण ठेव अधिक दिवस पुरवते. खर्च झालेली ठेव परत भरीत नाही. अठ्ठावीस अंशांवर भरलेली केळी अशा कंटेनरमध्ये इतक्या जोराने श्वास घेतात की कार्बन डायऑक्साइड आटोक्यात ठेवताना यंत्राची दमछाक होते, आणि ज्या फळांत पिकण्याची क्रिया आधीच सुरू झाली आहे, त्यांना कमी प्राणवायू पुन्हा झोपवू शकत नाही. महाग यंत्र स्वस्त चुकीची भरपाई करीत नाही, असा याचा अर्थ. एका फेरीच्या भाड्यावर दिलेले अनुदान त्या फेरीबरोबर संपते; पूर्वशीतनाची खोली मात्र करमाळ्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे उभी राहते आणि आखाताला जाणाऱ्या मालाचीही प्रत सुधारते. सार्वजनिक पैशाचा क्रम ठरवताना अर्थशास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. आधी बागेपासून काही तासांच्या आत पोहोचता येईल असे पूर्वशीतन, आणि तेथे अखंड वीज. नंतर बंदरापर्यंतच्या सुमारे ३०० किलोमीटरांत कंटेनरचे यंत्र चालू ठेवणारे जनित्र. आणि शेवटी, प्रवास खरोखरच लांबचा असेल तेथे, नियंत्रित वातावरण.

आणखी एक गोष्ट पैशाची नाही, न्यायाची आहे. बागायतदार, पॅकहाऊस, वाहतूकदार, जहाज कंपनी आणि परदेशातील ग्राहक अशा पाच हातांतून हा माल जातो. पलीकडे दार उघडल्यावर केळी पिवळी निघाली, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जहाज कंपनी नोंदवही दाखवते, आणि नोंदवहीत जाणाऱ्या हवेचा बिनचूक चौदाचा आकडा असतो. दावा फेटाळला जातो. निर्यातदार तो तोटा कोठून भरून काढणार? पुढच्या आठवड्यात बागेतला भाव उतरतो, किंवा कापणी चार दिवस लांबणीवर पडते. झाडावरचा घड चार दिवस थांबत नाही. तो भरत जातो, निर्यातीच्या मापाबाहेर जातो आणि स्थानिक व्यापाऱ्याला मिळेल त्या दराने द्यावा लागतो. समुद्रात झालेल्या चुकीचा दंड अशा रीतीने कोरड्या जमिनीवर वसूल होतो, आणि ज्याच्याकडून वसूल होतो, त्याला चूक कोठे झाली हे कधीच कळत नाही.

यावर उपाय अवघड नाही. कंटेनर भरताना दारापाशी, मध्यावर आणि यंत्राजवळ अशा तीन ठिकाणी फळाच्या गराचे तापमान मोजावे. ते झडपेच्या आकड्यासह भरणीच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी लिहावे. आणि प्रवास संपल्यावर जाणाऱ्या व परतणाऱ्या हवेची संपूर्ण नोंद शेतकऱ्यांच्या गटालाही मिळावी. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक निर्यातदारावर ही अट घालणे सरकारच्या हातात आहे. या तीन कागदांवरून चूक बागेत झाली, पॅकहाऊसमध्ये झाली की जहाजावर, हे कोणताही जाणता माणूस सांगू शकेल. ज्याची चूक त्याचा तोटा, एवढे जरी ठरले, तरी प्रत्येकजण आपापल्या हद्दीत पूर्वशीतनाची आणि झडपेची काळजी आपण होऊन घेऊ लागेल.

कझिन्स यांना १९१० साली वायूचे नावही सांगता आले नाही. तरी त्यांनी आपल्या शेतकऱ्यांसाठी दिसले ते लिहून ठेवले आणि संत्री बाजूला करावयास सांगितले. आज त्या वायूचे नाव, प्रमाण आणि उपाय सारे ठाऊक आहेत. उरते ते दार लावण्यापूर्वी केळ्यात तापमापी खुपसणे, आणि जो आकडा दिसेल तो बागायतदारालाही दाखवणे.